मदत हवी आहे: श्रुतलेखनात कानाची चूक कोणती आणि शुद्धलेखनाची कोणती, हे ओळखायचं कसं?

तांबडी_माती (नाशिक)

नमस्कार. मुलगा सहावीत आहे, शाळा इंग्रजी माध्यमाची. घरी आम्ही मराठीच बोलतो आणि तो गोष्टींची पुस्तकंही वाचतो, पण मराठी लिहायला बसला की गडबड होते. म्हणून संध्याकाळी छोटा उतारा सांगून लिहून घेते. नीट ऐकण्याची सवय आणि शुद्धलेखन, दोन्ही एकत्र व्हावं असा विचार आहे.

पण लाल खुणा करून पुढे काय करायचं ते कळत नाही. कालचाच उतारा देते. मी वाचलं ते असं:

"सकाळी आजीबरोबर मी नदीवर गेलो. पाऊस थांबला होता, तरी वाट ओली होती. काठावर दोन म्हशी उभ्या होत्या. त्यांच्या पाठींवर बगळे बसले होते. आजी म्हणाली, 'पुलावरून पाणी जात असेल तर पलीकडे जायचं नाही.'"

त्याने लिहिलं ते असं:

"सकाळी आजी बरोबर मी नदिवर गेलो. पाउस थांबला होता, तरी वाट ओली होती. काठावर दोन म्हशी उभ्या होत्या. त्याच्या पाठीवर बगळे बसले होते. आजी म्हणाली, 'पूलावरून पाणी जात असेल तर पलिकडे जायचे नाही.'"

यात ऐकण्यात काय चुकलं आणि लिहिण्यात काय? उतारा केवढा असावा, किती वेळा वाचावा? कोणी नियमित श्रुतलेखन घेत असेल तर सांगा.

---

दिवाकर_ठाणे

सोपं आहे. वाचताना दीर्घ अक्षर ओढून वाचा. "नदीऽवर", "पाऊऽस", "पलीऽकडे". आमचे गुरुजी असंच वाचायचे आणि वर्गात एकाचंही चुकायचं नाही. चुकलेला प्रत्येक शब्द दहा वेळा लिहून घ्या. महिनाभरात फरक दिसेल.

---

खडू_फळा

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. दिवाकरकाका, ओढून वाचलं की चुकत नाही हे खरं, पण तेव्हा मूल शब्द आठवत नसतं, आपल्या आवाजातलं उत्तर टिपत असतं. परीक्षेत किंवा पत्र लिहिताना असं ओढून सांगायला शेजारी कोणी नसतं. नवा शब्द पहिल्यांदा ओळखीचा करून देताना जरूर ओढावं. श्रुतलेखन मात्र बोलण्याच्या चालीनेच वाचावं.

ताई, तुमच्या प्रश्नाकडे येते. मी हे असं वेगळं करते. वाक्याचा तुकडा वाचला की मुलाने लगेच लिहायचं नाही. आधी तोंडाने तो तुकडा परत म्हणायचा, मग लिहायचा. तो "त्याच्या पाठीवर" असं म्हणाला तर कानाने चुकवलं. "त्यांच्या" म्हणून "त्याच्या" लिहिलं तर ऐकलं बरोबर, टिंब हाताने खाल्लं. उपाय दोन्हींना वेगळे आहेत. पहिल्याला तुकडा पुन्हा ऐकवायचा. दुसऱ्याला त्याचं त्यालाच मोठ्याने वाचायला लावायचं आणि विचारायचं, पाठ कोणाची? म्हशी किती होत्या? "दोन" हे त्याने स्वतःच लिहिलेलं आहे, टिंब तो आपणहून देईल.

"जायचे"चंही तसंच. तोंडाने "जायचं" म्हणाला असेल तर कान ठीक आहे, हात पुस्तकी वळणाने गेला. आजीचं बोलणं अवतरणात आहे, म्हणून तिथे "जायचं" हवं, एवढं सांगितलं की पुरे.

बाकीचं कानाकडे नाहीच. "नदिवर" आणि "नदीवर" तुम्ही नेहमीच्या चालीने म्हणून बघा, फरक ऐकू येणार नाही. त्यासाठी त्याला "नीट ऐक" म्हणणं अन्याय आहे.

आता "पाउस" आणि "पूलावरून" शेजारी ठेवा. दिसायला उलट्या चुका आहेत, एकीकडे ऱ्हस्व केलं, दुसरीकडे दीर्घ. नियम मात्र एकच आहे. मराठी शब्दाच्या शेवटी अकारान्त अक्षर असेल तर त्याच्या आधीचा इकार-उकार दीर्घ: पाऊस, पूल, फूल, दूध, खीर, बहीण. प्रत्यय लागून शब्द लांबला की तोच ऱ्हस्व होतो: पुलावर, फुलाला, दुधात, खिरीत, बहिणीला. त्याला "पूल" येतो, म्हणूनच त्याने "पूलावरून" लिहिलं. दहा वेळा "पुलावरून" लिहून "दूधात" सुटणार नाही. जोडीने लिहून घ्या, पूल-पुलावर, दूध-दुधात, आणि पुढच्या उताऱ्यात त्याने न लिहिलेला तसाच शब्द घाला, "फुलांचा" किंवा "मुलाला". तो बरोबर आला तर नियम कळला.

"नदीवर" या नियमात बसत नाही. तिथे ई शब्दाच्या शेवटी आहे, प्रत्यय लागला तरी दीर्घच राहते: नदीवर, आजीला, गाडीत. "पलीकडे" हा शब्द म्हणूनच पाठ करायचा, सोबत "अलीकडे" द्या. आणि "आजीबरोबर" जोडून, जसं झाडाखाली, घरासमोर.

उतारा तुमचा आहे एवढाच ठेवा, तीस-चाळीस शब्द. मी तीनदा वाचते. पहिल्यांदा सलग, पेन्सिल खाली ठेवून. दुसऱ्यांदा चार-पाच शब्दांचे तुकडे करून, प्रत्येक तुकडा एकदाच. तिसऱ्यांदा सलग, त्याने आपलं लिहिलेलं तपासायला. एकेक शब्द सांगितला तर ती फक्त शब्दांची परीक्षा होते, वाक्य डोक्यात धरायची सवय लागत नाही.

---

लघुलेखन_इच्छुक

चांगला धागा. मीही डिक्टेशनचा सराव करतोय. लघुलेखनाच्या मिनिटाला ८० शब्दांच्या परीक्षेसाठी उतारे कुठे मिळतील? १०० शब्दांचा वेग लावला की माझे शब्द गळतात.

---

खडू_फळा

दादा, इथे शाळकरी मुलाच्या श्रुतलेखनाचं चाललंय, वेगाचं नाही. तुम्ही वेगळा धागा काढा, त्या क्षेत्रातले लोक तिकडे येतील. एक मात्र तुम्हालाही लागू आहे. गळलेले शब्द तुकड्याच्या सुरुवातीचे आहेत की शेवटचे, ते बघा. शेवटचे असतील तर हात मागे पडतोय आणि तेवढ्यात पुढचं कानावरून जातंय.

---

जुना_प्रूफवाला

छापखान्यात आयुष्य गेलं, म्हणून बोलतो. खडू_फळा यांचं बहुतेक पटलं, एका ठिकाणी भर घालतो, कारण दिवाकररावांच्या म्हणण्यातही तथ्य आहे.

अस्सल मराठी शब्दांत कान बऱ्यापैकी मदत करतो. "फूल" म्हणताना ऊ आपोआप लांबतो, "फुलाला" म्हणताना आखूड होतो. पूल-पुलावरचंही तेच. म्हणजे हा नियम आपल्या उच्चारामागूनच चाललाय, आणि मुलाला तो ऐकवता येतो, मुद्दाम न ओढता.

संस्कृतातून जसेच्या तसे आलेले शब्द आले की कान दगा देतो. "गुण", "सुख", "विष", "मंदिर" म्हणताना आपण शेवटाआधीचा स्वर लांबवतोच, पण लिहायचं ऱ्हस्व. उलट "शरीराला", "गीताला", "परीक्षेला" यांत प्रत्यय लागला तरी दीर्घ हलत नाही. ताई, पहिले काही आठवडे उताऱ्यात घरगुती शब्दच ठेवा. पाऊस, दूध, विहीर, बहीण. नियम हातात बसला की मग दर उताऱ्यात तत्सम शब्द एक-दोनच सोडा, आणि त्यांची वही वेगळी ठेवा. दोन्ही एकदम आले तर मुलगा "गूण" लिहील, आणि शिकवलेल्या नियमाप्रमाणे बरोबरच लिहील. मग त्याला रागवायचं कशावरून?

हे नियम मराठी साहित्य महामंडळाचे. १९६२ साली १४ झाले, १९७२ साली त्यांत ४ ची भर पडली. घरी जुनी पुस्तकं असतील तर त्यांतून उतारा देताना जपून. त्यांत शब्दाच्या शेवटी "कवि", "गुरु" असं ऱ्हस्व आणि "नाहीं", "कांहीं" अशी टिंबं दिसतील. मुलाला ते पाहून लिहायला दिलं तर गोंधळ नक्की.

---

सातासमुद्रापार (न्यू जर्सी)

आमचा प्रश्न जरा वेगळा आहे, पण विचारते. मुलगी दहा वर्षांची, शनिवारी मराठी शाळेत जाते. ती "वेळ"चं "वेल" करते, "भात"चं "बात". वरची युक्ती करून पाहिली, तर ती तोंडानेही "वेल"च म्हणते. आम्हीही उतारेच द्यायचे का?

---

खडू_फळा

तुमच्याकडे खरोखर कानाचं काम आहे, ताई. आत्ता उतारा देऊ नका, त्यात ती एकाच वेळी फार काही सांभाळायला जाईल. आधी जोड्या: वेळ-वेल, काळ-काल, बाळ-बाल, भात-बात, धार-दार. दोन्ही शब्द कागदावर लिहून ठेवा, तुम्ही एक म्हणा, तिने बोट ठेवायचं. ते बिनचूक जमलं की लिहायला द्या. मग छोट्या वाक्यात: "काल फार वेळ लागला." ळ म्हणताना जीभ मागे वळते, ते तिला तुमच्या तोंडाकडे बघू द्या. फोनवरचा आवाज नंतर.

---

तांबडी_माती

सगळ्यांचे आभार. तोंडाने म्हणून मग लिहिण्याची पद्धत करून पाहिली. "त्यांच्या" तो म्हणताना बरोबर म्हणतो, म्हणजे कान ठीक आहे. आणि माझ्या लक्षात आलं की अवघड शब्द आला की मी थांबत होते, तो माझ्या चेहऱ्याकडे बघून सावध व्हायचा. आता उतारा फोनवर आधी रेकॉर्ड करून लावते. पूल-दूध जोड्या दिल्यावर "फुलांचा" त्याने न सांगता बरोबर लिहिलं, "विहीरीत" मात्र चुकलं.

एक शंका राहिलीच. "पाठींवर" मी कितीही नीट म्हटलं तरी टिंब ऐकू येत नाही. ही चूक कानाची धरायची की व्याकरणाची?

---

जुना_प्रूफवाला

"विहिरीत" चुकणं स्वाभाविक आहे, "विहीर-विहिरीत" जोडीने द्या. पाठींवरचं टिंब बोलण्यात जवळजवळ बुजलंय. मी ते व्याकरणात धरतो. म्हशी दोन, पाठी दोन, म्हणून टिंब.

---

दिवाकर_ठाणे

ओढण्याबद्दल मान्य, रोज नको. पण टिंबाचं नाही पटत. आमच्याकडे "मुलांना" म्हणताना टिंब स्वच्छ ऐकू येतं, मग "पाठींवर" का येऊ नये? नीट म्हटलं तर येतं.

---

खडू_फळा

"मुलांना"मध्ये पुढे न आहे काका, तो टिंबाला उचलून धरतो. व पुढे आला की ते नाकात विरतं. माझ्या वर्गातल्या मुलांना मी ते ऐकून लिहायला सांगत नाही, "किती?" एवढंच विचारते. पण तुमच्या घरी ऐकू येत असेल तर तुमच्या नातवंडांना तसं घेऊन बघा आणि इथे कळवा.