स्कोप फ्रीझची विनंती : आकडा कोणता दाखवायचा

> "शेवटचे दोन स्प्रिंट राहिलेत आणि स्पॉन्सर मॅडम रोज नवं काहीतरी सांगतात. स्कोप फ्रीझ करा हे त्यांना कसं सांगू?"

आधी मोजणी चोख करा. स्प्रिंट प्लॅनिंग झाल्यावर जे आत आलं तेवढाच बदल धरा. बग त्यात मिसळले, की आपल्या चुका त्यांच्या नावावर टाकल्यासारखं होतं आणि सगळ्याच आकड्यांवरचा विश्वास उडतो.

आमच्या पतसंस्थेच्या कर्ज-सॉफ्टवेअरमध्ये तीन स्प्रिंटमध्ये ४, ७ आणि १० असे २१ बदल आले. पण मॅडमना पटलं ते वेगळंच: त्यातले १३ बदल त्यांनीच मंजूर केलेल्या स्क्रीनवर होते. हप्त्याच्या पावतीचा मजकूर चार वेळा बदलला आणि दर वेळी छपाईची चाचणी पहिल्यापासून करावी लागली.

मेलमध्ये लिहिलं होतं: "मॅडम, स्प्रिंट ११ आणि १२ मध्ये नवीन काम घेऊ नये, ही विनंती. प्रत्येक सूचना नोंदवून ठेवू. गो-लाइव्हनंतर तुमच्यासोबत बसून क्रम लावू. कायद्याने बंधनकारक किंवा कामकाज अडवणारा बदल आला तर घेऊ, पण त्याच आकाराचं कोणतं काम बाजूला ठेवायचं ते आपण सांगावं."

त्या लगेच हो म्हणाल्या. अपवाद कोण मंजूर करणार, हे मात्र लिहायचं राहिलं. नोंदीत एकही बदल नव्हता, तरी उरलेलं काम दाखवणारी बर्नडाउनची रेष खाली येईना. कारण शाखाधिकारी थेट डेव्हलपरला फोन करून बदल सांगत होते. अपवाद मंजूर करणाऱ्याचं ते एक नाव तुम्ही मेलमध्येच लिहून घ्या.