सरासरी निम्मी आली म्हणजे पेपर मध्यम होता का?

खडूफळा: दहावी भूमिती, ४० गुणांची सराव चाचणी, २० मुलं. सरासरी २०.२, मध्यक १९, प्रमाण विचलन ११.५. सरासरी आणि मध्यक जवळजवळ एकच, म्हणजे निकालाचा वक्र छान घंटेसारखा. पेपर मध्यम होता हे आकडेच सांगतात. पालकांनी आता 'पेपर फार अवघड काढला' ही ओरड थांबवावी.

तीस वर्षं फळ्यापुढे: सर, हे वाचून राहवलं नाही म्हणून सविस्तर लिहितो. तुमच्याच तिसऱ्या आकड्याकडे तुम्ही बघितलं नाही. सरासरी २० आणि विचलन ११.५ धरून घंटा काढायला बसा. दोन विचलनं खाली गेलात की उणे ३ गुण येतात, वर गेलात की ४३. ४० च्या पेपरात ही घंटा मावतच नाही. खरीखुरी घंटा मावायची तर विचलन सहा-सातच्या आसपास असायला हवं. शून्यापासून चाळीसपर्यंत प्रत्येक गुणावर एकेक मूल बसवलं, तरी विचलन पावणेबाराच्या आसपास येतं. तुमचा वर्ग जवळजवळ तेवढाच पांगलाय. मधे गर्दी असलेला वर्ग असा पांगत नाही. सगळे गुण इथे टाका, मग बोलू.

बाकावरून: एवढं कशाला? सरासरी सोडा आणि मध्यक धरा. एखाद्या हुशार किंवा एखाद्या ढ मुलानं मध्यक हलत नाही, हे आपणच मुलांना शिकवतो. मध्यक १९, म्हणजे निम्म्या मुलांना १९ पेक्षा जास्त. पेपर मध्यमच.

खडूफळा: घ्या गुण, लपवायचं काही नाही. ६, ७, ८, ८, ९, ९, १०, १०, ११, १२, २६, २८, २९, ३०, ३१, ३२, ३३, ३४, ३५, ३६.

तीस वर्षं फळ्यापुढे: आता हे बोट ठेवून वाचा. १२ नंतर थेट २६. घंटा असती तर सरासरीच्या दोन्ही बाजूंना अर्ध्या विचलनात, म्हणजे साधारण १४ ते २६ या पट्ट्यात, वीसपैकी सात-आठ मुलं सापडली असती. तिथं एकही पूर्ण बसत नाही, २६ चं मूल काठावर आहे. ही घंटा नाही, दोन टेकड्या आणि मधे दरी. सरासरी आणि मध्यक जवळ आले ते दोन्ही टेकड्या सारख्या मोठ्या आहेत म्हणून.

बाकावरून, मध्यक हलत नाही हे गर्दीच्या ठिकाणी खरं. तुमचा मध्यक दरीत उभा आहे. १२ गुणांच्या मुलाला २५ पडले असते तर सरासरी २०.२ वरून २०.८५ झाली असती, आणि मध्यक १९ वरून थेट २५.५. एका मुलानं साडेसहा गुण हलवले.

बाकावरून: हे मी करून पाहिलं. बरोबर आहे. पण प्रत्येक वर्गात अशी दरी नसते, तेव्हा माझं म्हणणं अगदीच टाकाऊ नाही.

वैतागलेला बाप: तुमची ही घंटाच सगळ्या दुखण्याचं मूळ आहे. माझ्या मुलीनं एक प्रवेश परीक्षा दिली. तिच्या सत्राचा पेपर अवघड होता, मैत्रिणीच्या सत्राचा सोपा. वर कुठलातरी बेल कर्व्ह बसवला आणि मैत्रिणीला पर्सेंटाईल जास्त. रात्री दोन वाजेपर्यंत रडत होती. त्याचं उत्तर द्या आधी.

तीस वर्षं फळ्यापुढे: मुलीचं वाईट वाटलं, पण पर्सेंटाईलमध्ये घंटा येत नाही. सरासरी नाही, विचलनही नाही. तिच्या सत्रात तिच्याइतके किंवा कमी गुण असलेली मुलं मोजायची, सत्रातल्या एकूण मुलांनी भागायचं आणि शंभरानं गुणायचं. पेपर अवघड असला तर सगळ्यांचेच गुण खाली येतात, क्रम जागेवर राहतो.

वैतागलेला बाप: क्रम जागेवर राहतो म्हणे! आणि तिच्या सत्रात हुशार मुलंच जास्त बसली असतील तर?

तीस वर्षं फळ्यापुढे: तर तिचं नुकसान झालं. सत्रं सारखी धरणं हे या पद्धतीचं गृहीतक आहे. निवड न करता हजारो मुलं वाटली तर ते बऱ्यापैकी टिकतं. पण टिकलंच, हे तुमच्या एका मुलीच्या गुणांवरून मला सांगता येणार नाही, आणि तुम्हालाही नाही.

वैतागलेला बाप: म्हणजे 'बऱ्यापैकी'वर पोरांची वर्षं जातात. मला हे पटत नाही आणि पटणार नाही.

गणिताच्या बाई: अहो, प्रवेश परीक्षेचा वेगळा धागा काढा! इथं दहा मुलांना बाराच्या वर गुण नाहीत आणि त्याबद्दल कुणी बोलत नाही. खडूफळा सर, खालची दहा कोण? दोन तुकड्या एकत्र बसवल्या होत्या का?

खडूफळा: हो, अ आणि ब. खालच्या दहात नऊ ब चे. त्यांचे सर निवडणुकीच्या कामाला गेले आणि वर्तुळापासून पुढचे धडे घाईत झाले. हे मूळ पोस्टमध्ये लिहायला हवं होतं. पण निवडणुकीचं काम मी लावलेलं नाही, आणि पेपर अभ्यासक्रमातलाच होता.

गणिताच्या बाई: सरांना न विचारता कामाला लावतात आणि निकालाचं खापर मुलांवर, हे माझ्याही शाळेत सोसलंय. आता एक करा. उत्तरपत्रिका घ्या आणि धड्यांप्रमाणे गुण वेगळे काढा. एकूण बेरजेवरून पेपर कळत नाही. बेरजेत पेपर आणि मुलं दोन्ही मिसळलेली असतात.

खडूफळा: रविवार घालवला. समरूपता आणि पायथागोरस मिळून १४ गुण होते. त्यात वरच्या दहांची सरासरी ११, खालच्यांची ८. उरलेले २६ गुण वर्तुळ, त्रिकोणमिती, महत्त्वमापन. त्यात वरच्यांना सरासरी २०.४, खालच्यांना १.

तीस वर्षं फळ्यापुढे: हेच हवं होतं. वरच्यांची एकूण सरासरी ३१.४, खालच्यांची ९. २०.२ हा आकडा दोन्हींपैकी कुणाचाच नाही. विचलनाचंही तेच. वरच्यांचं स्वतःचं विचलन ३, खालच्यांचं पावणेदोन. दोन सरासऱ्यांतलं निम्मं अंतर ११.२, म्हणजे तुमचे ११.५ जवळजवळ सगळे तिथून आले. मुलामुलांतला फरक म्हणून तुम्ही जे वाचत होतात, ते दोन तुकड्यांमधलं अंतर होतं. ज्यांना धडे शिकवले, त्यांना पेपर सोपाच गेला.

बाकावरून: मग शिकवलेल्या १४ गुणांतही ११ आणि ८ का? तिथं तर दोघांनाही शिकवलं होतं.

गणिताच्या बाई: पुढचं काहीच येत नाही म्हटल्यावर मूल पहिल्या प्रश्नालाही घाबरतं, असं मला वाटतं.

तीस वर्षं फळ्यापुढे: असेल. किंवा ब तुकडी आधीपासूनच मागे असेल. या एका चाचणीवरून सांगता येत नाही. त्याच मुलांचा पहिल्या सत्राचा निकाल हवा.

खडूफळा: पेपर मध्यम होता हे मागे घेतो. पालकांची ओरड चुकीची होती हे मात्र मागे घेत नाही, ते पेपरला नावं ठेवत होते. ब तुकडीला ते तीन धडे पुन्हा शिकवून फक्त त्या २६ गुणांची चाचणी घेतो. पहिल्या सत्राचे गुण सोमवारी कपाटातून काढतो.