‘किमान एक’ म्हणजे एकच पद नव्हे

> "दहा टक्के कास्टिंग खराब, पाच उचलली. किमान एक खराब: ५ × ०.१ × ०.९⁴ = ०.३२८०५. उत्तर जुळत नाही, मुलांना काय सांगू?"

सर, हे ‘नेमकं एक’चं उत्तर झालं की हो. दोन, तीन, चार, पाच खराब निघण्याची पदं राहिली. त्यांची बेरीज ०.०८१४६. ती मिळवली की ०.४०९५१. पण एवढी आकडेमोड करतंय कोण? एकही खराब नसण्याची संभाव्यता ०.९⁵ = ०.५९०४९, ती १ मधून वजा करा.

मुलांना पटवायचं तर उद्यमबागेतल्या फाउंड्रीतून पाचऐवजी पन्नास कास्टिंग उचलायला सांगा. एकपदी मांडणीत उत्तर ०.०३ च्याही खाली येतं. जास्त माल तपासला आणि खराब सापडायची शक्यता घटली? खरं उत्तर ०.९९ च्या वर आहे.