मूर्तीला तडा गेला म्हणून देव कलशात?

शेवंती: आमच्या देवळातल्या मूर्तीला खांद्याशी तडा गेलाय. गुरुजी म्हणतात आधी देव कलशात घ्यायचा, मगच लेप लावायचा. म्हणजे देव दगडात आहे की नाही?

सरळरेघ: नाहीच. पाथरवटाने घडवताना त्याच दगडावर पाय ठेवून छिन्नी मारली, तेव्हा कोणी हात जोडले नाहीत. मंत्र म्हटले म्हणून दगडात काय बदलतं? प्राणप्रतिष्ठेआधी मूर्ती पाण्यात ठेवतात तेपण दगडाची बारीक चीर दिसावी म्हणूनच, बाकी सगळं नंतर चिकटवलेलं.

पडवी: चीर पाण्यात कळते हे खरं आहे, पण तेवढंच असतं तर मग धान्यात कशाला ठेवतात, शय्येवर का निजवतात? मी वडिलांच्या हाताखाली तीन प्रतिष्ठा बघितल्यात. सगळ्यात शेवटी डोळे उघडतात, सोन्याच्या काडीने मध-तूप लावून, आणि समोर आरसा धरतात कारण ती पहिली नजर थेट माणसावर पडू द्यायची नाही. त्याआधी न्यास होतो, गुरुजी मूर्तीच्या एकेका अंगाला हात लावून मंत्र म्हणतात. दगड तोच राहतो हो, देवाला तिथे राहायला बोलावलेलं असतं. आणि बोलावलेल्याला थोडा वेळ दुसरीकडे बसवता येतं, म्हणून कलश. शेवंतीताई, कलशातल्या पाण्याची रोज पूजा होते, नैवेद्यही त्यालाच. मूर्तीवर कापड टाकतात. लेप वाळला की तेच पाणी मूर्तीवर घालून देव परत आणतात.

निळूभाऊ: पण खंडित मूर्ती पुजायचीच नसते ना, विसर्जनच करतात.

पडवी: सरसकट नाही. हात, नाक, मान तुटली तर बदलतात. बारीक तडा किंवा झीज असेल तर दुरुस्ती चालते. स्वयंभू देव असेल तर तो बदलायचा प्रश्नच नाही, त्याची प्रतिष्ठाच कोणी केलेली नसते.

मोगरा: माझ्याकडे घरातला पितळी बाळकृष्ण आहे, बोट मोडलंय, त्यालाही कलश करायचा का? मला तर तो रोज आंघोळ घालताना जिवंतच वाटतो.

पडवी: घरच्या देवांची बहुतेक वेळा एवढी प्रतिष्ठा झालेली नसते, तुमच्या गुरुजींना विचारा. गणपतीचं बघा ना, चतुर्थीला मातीत प्राण आणतात आणि उत्तरपूजेनंतर मूर्ती जागेवरून जरा हलवतात, की झालं, मग विसर्जन.

सरळरेघ: म्हणजे भटजी ठरवणार देव कधी आला, कधी गेला. हे मला पटत नाही आणि पटणारही नाही.

शेवंती: मला कलशाचं समजलं. पण गेल्या वेळी लेपाचं काम चाललेलं तेव्हा आजी रोज त्या कापडाखालच्या दगडालाच हात जोडायची, कलश शेजारीच होता तरी. पुजारी तिला काहीच बोलले नाहीत. मग तिचा नमस्कार कुणाला पोचत होता?