अनुभव धागा : “माझं बोलणं मिनिट्समध्ये शब्दशः घ्या!” तेव्हा काय करायचं?

सभा रंगात आलेली असते आणि एक सदस्य उभा राहून म्हणतो, “मी बोललो ते जसंच्या तसं लिहा.” सगळे सचिवाकडे बघतात. इतिवृत्त लिहिणाऱ्यांनी, अध्यक्षपद सांभाळणाऱ्यांनी आपली रीत इथे सांगा. सभा कशी तापली होती त्याच्या कहाण्या नकोत, नेमकं काय करता ते लिहा.

जुनी चिटणीस
सचिवाने ‘हो’ही म्हणू नये आणि ‘नाही’ही. पेन खाली ठेवून अध्यक्षांकडे बघावं. इतिवृत्त सभेचं असतं, त्यात काय घ्यायचं ते सभा ठरवते.

अध्यक्षांनी एकच प्रश्न विचारायचा : “तुमचा विरोध नोंदवायचा आहे, की निवेदन?” बहुतेकांना विरोधच नोंदवायचा असतो. मग एक ओळ पुरते : ‘ठरावाच्या विरोधात अमुक यांनी मत दिले व तशी नोंद करण्याची विनंती केली.’ ही नोंद हात आखडता न घेता करावी. समितीच्या सदस्यावर उद्या निर्णयाची जबाबदारी आली, तर त्याच्या हातात तेवढाच कागद असतो.

तरीही शब्दशःच हवं असेल तर त्याने तसा प्रस्ताव मांडावा, कुणीतरी अनुमोदन द्यावं, मतदान व्हावं. मंजूर झाला तर त्याला तिथल्या तिथे सावकाश पुन्हा बोलायला सांगायचं, लिहून घ्यायचं, मोठ्याने वाचून दाखवायचं. आठवून नंतर लिहिलेलं कधीच शब्दशः नसतं, आणि पुढच्या सभेत ‘मी असं म्हणालोच नव्हतो’ ठरलेलं.

स्पष्टवक्ता
मतदान कशाला? बोलणं नोंदवून घेणं हा सदस्याचा हक्कच आहे.

जुनी चिटणीस
मत मांडायचा हक्क आहे, ते शब्दशः नोंदवून घ्यायचा आपोआप नसतो. ‘रॉबर्ट्स रूल्स’ या सभा चालवण्याच्या अमेरिकी नियमपुस्तकातही इतिवृत्त म्हणजे सभेत काय झालं त्याची नोंद, कोण काय बोललं त्याची नव्हे. तुमच्या नियमावलीत वेगळं कलम असेल तर मात्र तेच चालेल. ते सभेआधी वाचून ठेवा.

टाचणी
एक अपवाद राहिला. सदस्य अपशब्द बोलला आणि त्याच्यावर कारवाई व्हायची असेल, तर अध्यक्षच ते शब्द लिहून घ्यायला सांगतात. तिथे सारांश चालत नाही. ‘अनुचित भाषा वापरली’ एवढंच लिहिलंत तर पुढे कारवाई कशावर टिकणार?

नवा सचिव
सगळी सभा रेकॉर्ड केली तर प्रश्नच मिटेल ना?

टाचणी
अर्धा मिटेल. मसुदा ताडून बघायला रेकॉर्डिंग उत्तम. पण सभेला आधी सांगून करा, आणि इतिवृत्त कायम झाल्यावर ते ठेवायचं की पुसायचं हे अगोदर ठरवा. नाहीतर एकाच सभेच्या दोन नोंदी होतात आणि वाद त्यांच्यातच लागतो.

काठावरची
माझा प्रश्न उलटा आहे. मी न बोललेलं वाक्य माझ्या नावावर छापलंय. काढायचं कसं?

जुनी चिटणीस
धागा वेगळ्या गोष्टीचा आहे, पण उत्तर सोपं आहे. इतिवृत्त कायम करण्याचा विषय येईल तेव्हा दुरुस्ती सुचवा : कुठला परिच्छेद, कुठलं वाक्य, त्याजागी काय. आणि हो, दुरुस्ती चूक सुधारण्यापुरतीच. तेव्हा सुचलं नाही ते वाक्य आता घुसवायला नाही, हे धाग्यातल्या त्या सदस्यालाही लागू.

लाल शाई
खरी पंचाईत आरोपाची. समजा वाक्य असं : “दरपत्रकं उघडण्यात संगनमत झालंय, हे शब्दशः लिहा.” हे जसंच्या तसं लिहून सगळ्यांना पाठवलंत तर बदनामीचा आरोप बोलणाऱ्याबरोबर पाठवणाऱ्यावरही येऊ शकतो. मी लिहीन : ‘दरपत्रके उघडण्याच्या पद्धतीवर एका सदस्याने आक्षेप घेतला. तिन्ही पाकिटे व नोंदवही पुढील सभेत ठेवावी, अशी मागणी केली. अध्यक्षांनी मान्य केले.’ आक्षेप राहिला, मागणी राहिली, पुढे काय करायचं तेही राहिलं. ‘संगनमत’ गेलं. रोख सचिवावरच असेल तर तेवढा भाग त्याने लिहू नये, अध्यक्षांनी दुसऱ्या कुणाला तरी लिहायला सांगावं.

स्पष्टवक्ता
म्हणजे तक्रारीतली धारच काढून टाकली की! लेखी निवेदन सहीनिशी परिशिष्ट म्हणून जोडा. जबाबदारी सही करणाऱ्याची.

लाल शाई
जोडलेला कागद इतिवृत्ताबरोबर सगळ्यांकडे जातो, त्यामुळे जबाबदारी तेवढ्याने सुटत नाही. मी ‘निवेदन मिळाले, दफ्तरी ठेवले’ एवढंच लिहितो.

जुनी चिटणीस
मी जोडते, पण सभेने तसं ठरवलं असेल आणि निवेदन सभा संपायच्या आत हातात आलं असेल तरच. दोन दिवसांनी येतं ते भाषण सभेत झालेलंच नसतं.

नवा सचिव
आणि एकाचं जोडलं की पुढच्या सभेला पाच जण कागद घेऊन येतात, त्याचं काय?