सूत्राशेजारी अट हवी

“सगळी सूत्रं एका पानावर आली, पण पेपरात कोणतं लावायचं तेच सुचत नाही.”

अट सुटली की असंच होतं. स्थिरविद्युतच्या नोट्समध्ये E = σ/2ε₀ आणि E = σ/ε₀ दोन्ही असतात; नुसती एकाखाली एक उतरवली तर फरकच कळत नाही. पहिल्यापुढे ‘अनंत पसरलेला पातळ पत्रा’ लिहा, दुसऱ्यापुढे ‘वाहकाच्या पृष्ठभागालगत बाहेर, आत E = 0’. शेजारी गाउसच्या डबीचं बोटभर चित्र काढा. पत्र्यावरच्या डबीत फ्लक्स दोन्ही झाकणांतून बाहेर पडतो, वाहकावरच्या डबीत फक्त बाहेरच्या झाकणातून. तो 2 तिथूनच येतो. नंतर वही मिटून नुसत्या चित्रावरून सूत्र काढून बघा. अडलात तर ती पायरी पानावर लिहा, बाकीची व्युत्पत्ती वहीतच राहू द्या.