मदत हवी आहे: परिमिती किमान केली की चौरस येतो, पुस्तकात मात्र रुंदी खोलीच्या दुप्पट

ऋतुजा_सिव्हिल
सोमवारी हायड्रॉलिक्सचा पेपर आहे आणि काल संध्याकाळपासून या एकाच गणितापाशी अडकले आहे. क्षेत्रफळ 2 चौरस मीटर दिलंय, चॅनेलचा सर्वांत कार्यक्षम आयताकृती छेद काढायचा आहे. परिमिती किमान केली तर 1.414 बाय 1.414 असा चौरस आला. पुस्तकात मागे उत्तर आहे रुंदी 2 मीटर, खोली 1 मीटर. तीन वेळा करून पाहिलं, दर वेळी चौरसच. छपाईची चूक आहे का? कृपया लवकर सांगा.

खडी_वाळू
उतार किती? काँक्रीट की दगडी? एवढंसं सांगून कोण काय उत्तर देणार.

ऋतुजा_सिव्हिल
दिलेलंच नाही. फक्त क्षेत्रफळ दिलंय.

निवृत्त_कालवा
उतार इथे लागतच नाही. क्षेत्रफळ, उतार आणि पृष्ठभाग तोच ठेवला तर मॅनिंगच्या सूत्रात हलणारी एकच गोष्ट उरते, ती म्हणजे परिमिती. ती कमी, तर विसर्ग जास्त. पुस्तक बरोबर आहे. ताई, तू परिमिती म्हणून नेमकं काय धरलंस ते समीकरण जसंच्या तसं इथे टाक. उत्तर नको, समीकरण टाक.

पांझराकाठ
आमच्याकडे फडाचे जुने पाट आहेत, पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेले. पाटकरी फावडं घेऊन पाटात उतरतो आणि गाळ काढतो. ताई, पाट अरुंद करू नका, फावडं फिरत नाही. मला विचाराल तर विहिरीपासून शेतापर्यंत सरळ पाइप टाका. पाणी मुरत नाही, तण होत नाही.

ऋतुजा_सिव्हिल
काका, मला पाट बांधायचा नाहीये, पेपर आहे.
निवृत्त सर, हे घ्या: P = 2(b + y), A = by = 2. त्यातून b = y आलं.

निवृत्त_कालवा
सापडलं. ही खोक्याची परिमिती झाली. चॅनेल वरून उघडं असतं, तिथे पाण्याला हवा लागते, भिंत नाही. पाणी घासतं ते तळाला आणि दोन बाजूंना. तेवढंच मोज.

ऋतुजा_सिव्हिल
म्हणजे P = b + 2y. पण आता डेरिव्हेटिव्ह घेतला तर dP/dy = 2 येतंय. ते शून्य होणारच नाही! आता काय?

एमटेक_चालू
आयतात कशाला अडकताय? सर्वांत चांगला छेद अर्धवर्तुळ, हे ठरलेलं आहे. 2 चौरस मीटरला त्याची ओली परिमिती 3.54 मीटरच येते. आणि कार्यक्षम छेदात वेग सर्वांत जास्त असतो, त्यामुळे गाळ कधीच बसत नाही.

निवृत्त_कालवा
अर्धवर्तुळाचं खरं आहे, पण प्रश्न आयताचा आहे. गाळाचं मात्र पटत नाही. वेग जास्त असतो तो चॅनेल पूर्ण खोलीने वाहत असताना. उन्हाळ्यात पाणी निम्म्यावर आलं की याच चॅनेलमध्ये रुंदी खोलीच्या चौपट होते, वेग पडतो आणि गाळ बसतो. मी स्वतः काढून घेतलाय तो.

ऋतुजा, तू b ला स्थिर धरलंस. तो स्थिर नाही. क्षेत्रफळ बांधलेलं आहे, त्यामुळे खोली वाढवली की रुंदी कमी करावीच लागते. आधी b = A/y घाल, मग डेरिव्हेटिव्ह घे:

```
P = A/y + 2y
dP/dy = -A/y² + 2 = 0
A = 2y²
by = 2y²  →  b = 2y
```

A = 2 घातलं की y = 1, b = 2. दुसरा डेरिव्हेटिव्ह 2A/y³ धन आहे, म्हणून हे किमानच. पेपरात ही ओळ लिही, तिचे गुण असतात.

ऋतुजा_सिव्हिल
आलं! P = 4. माझ्या चौरसाला तीन बाजू मोजल्या तर 4.243. मग एवढाच फरक?

शाळेतली_फळी
मी गणित शिकवते, पाण्यातलं फारसं कळत नाही, पण तुमचा चौरस वाया गेलेला नाही. पाण्याच्या पृष्ठभागावर आरसा ठेवला असं समजा. चॅनेल आणि त्याचं प्रतिबिंब मिळून एक पूर्ण आयत होतो, b रुंद आणि 2y उंच. त्याचं क्षेत्रफळ 2A आणि परिमिती ओल्या परिमितीच्या बरोबर दुप्पट. ठरावीक क्षेत्रफळात सर्वांत कमी परिमितीचा आयत म्हणजे चौरस, म्हणून b = 2y. तुम्ही चौरस शोधला तो बरोबरच होता, फक्त पाणी त्याच्या खालच्या अर्ध्यात आहे.

ऋतुजा_सिव्हिल
मॅडम, हे कुणी वर्गात सांगितलंच नाही. आता विसरणार नाही.

खडी_वाळू
पेपरात ठीक आहे, पण साइटवर असं कुणी बांधत नाही. आमच्या एका आरसीसी गटाराला भिंतीचा चौरस मीटर तळाच्या जवळपास दुप्पट पडला. भिंतीला दोन्ही बाजूंनी शटरिंग लागतं, तळ पीसीसीवर सरळ ओततो. आम्ही 2.8 रुंद आणि 0.7 खोल केलं.

निवृत्त_कालवा
तुमचंही गणित त्याच रस्त्याने येतं. परिमितीऐवजी खर्च किमान करायचा. तळाचा एकूण खर्च आणि दोन्ही भिंतींचा मिळून खर्च सारखा झाला की तो किमान. भिंत दुप्पट महाग असेल तर b = 4y, म्हणजे 2.83 बाय 0.71. गंमत अशी की याची ओली परिमिती ऋतुजाच्या चौरसाइतकीच, 4.243. विसर्ग 2 बाय 1 पेक्षा साधारण 4 टक्के कमी. किमान बिंदूच्या आसपास वक्र बराच सपाट असतो, म्हणून जरा इकडेतिकडे सरकलात तरी फारसं बिघडत नाही. पण पाणी तेवढंच न्यायचं असेल तर छेद थोडा मोठा करावा लागेल आणि बचतीतला काही भाग त्यात जाईल.

खडी_वाळू
आणि फ्रीबोर्ड? भिंत पाण्याच्या वर 30 सेंटीमीटर जास्त बांधतो, ती तुमच्या सूत्रात कुठे आहे?

निवृत्त_कालवा
फ्रीबोर्ड ठरावीक धरला तर तो P मध्ये फक्त स्थिर आकडा वाढवतो, किमान जागचा हलत नाही. खोदाई मात्र बदलते, कारण रुंदी वाढली की फ्रीबोर्डच्या पट्ट्यातही तेवढीच जास्त माती काढावी लागते.

खडी_वाळू
मग मुरुमात एक गणित आणि कातळात दुसरं. कातळात खोल जायलाच जास्त पैसे पडतात. एका सूत्राने भागत नाही.

निवृत्त_कालवा
तिथे दर हातात असल्याशिवाय मीही आकडा देणार नाही.

पांझराकाठ
कातळात तर पाइपच बरा.

ऋतुजा_सिव्हिल
पुढचाच प्रश्न समलंब चॅनेलचा आहे, त्यात b, y आणि बाजूचा उतार असे तीन चल आहेत. तिथेही आरसा चालेल का?

शाळेतली_फळी
चालेल. बाजूचा उतारही मोकळा असेल तर प्रतिबिंबासह षटकोन होतो. कोणता षटकोन सर्वांत कमी परिमितीचा, ते आधी तुम्ही काढा. समीकरण टाका, मी रात्री बघते.